चौकट न ओलांडणारी खिडकी

स्टीम ही संगणकावरचे खेळ विकणारी मोठी बाजारपेठ आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्याच्या स्टीम खात्यात विकत घेतलेले खेळ असतात, तशीच बंदुकांची रंगीत रूपंही असतात. खेळाडू त्यांना ‘स्किन’ म्हणतात. या स्किनची खरेदी-विक्री चालते आणि एखादी दुर्मीळ स्किन हजारो डॉलरना जाते. नामवंत खेळाडूंच्या खात्यांची किंमत एक लाख ते तीन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते, असा अंदाज सायबरसुरक्षेत काम करणाऱ्या ग्रुप-आयबी या कंपनीने 2022 मध्ये दिला होता. तो दिला गेला एका चोरीच्या अहवालात. त्या चोरीची पद्धत नीट समजून घेतली, तर ‘फसव्या लिंकपासून सावध राहा’ या आपल्या ठरीव उपदेशातला एक मोठा दोष लक्षात येतो. या चोरीत सापडलेला माणूस बेसावध असेलच असं नाही. त्याने लॉगिनच्या खिडकीतला पत्ता वाचलेला असतो, अक्षरं तपासलेली असतात, कुलुपाचं चिन्ह पाहिलेलं असतं. त्याला शिकवलेलं सगळं तो करतो आणि तरीही पासवर्ड चोराच्या हातात जातो.

चोरी घडते ती अशी. खेळाडूला संदेश येतो: आमच्या संघात एक जागा रिकामी आहे, स्पर्धेला ये, किंवा, आमच्या संघाला मत दे. सोबतची लिंक उघडली की ई-स्पर्धेचं नीटनेटकं संकेतस्थळ दिसतं. नाव नोंदवायला स्टीमच्या खात्याने लॉगिन करा, असं तिथे लिहिलेलं असतं. यात वावगं काही वाटत नाही, कारण अनेक खरी संकेतस्थळंही असंच सांगतात. बटण दाबलं की एक छोटी खिडकी उघडते. वर शीर्षकपट्टी, तिच्यात खिडकी लहान-मोठी करायची आणि बंद करायची चिन्हं. खाली ॲड्रेस बार, त्यात हिरवं कुलूप आणि steamcommunity.com हा अगदी खरा, एकाही अक्षराचा फेरफार नसलेला पत्ता. त्याखाली स्टीमचं लॉगिनचं पान. खिडकी माउसने धरून इकडेतिकडे सरकवता येते, मोठी करता येते, बंद करता येते. पानाची भाषा बदलायची सोयही असते आणि ग्रुप-आयबीने पाहिलेल्या नमुन्यात अशा सत्तावीस भाषा होत्या. नाव आणि पासवर्ड भरला की ते तत्क्षणी चोराकडे जातात. चोराची यंत्रणा ते खऱ्या स्टीमवर भरून पाहते. खात्याला दुसऱ्या टप्प्याचं संरक्षण असेल, तर त्याच खोट्या खिडकीत कोड मागितला जातो. पासवर्ड चुकला तर ‘चुकीचा पासवर्ड’ असा संदेशसुद्धा येतो. सगळं साधलं की खेळाडूला एखाद्या निरुपद्रवी पानावर सोडून दिलं जातं, म्हणजे त्याला लगेच शंका येऊ नये. तोवर खात्याचा पासवर्ड आणि ईमेल बदलण्याची तयारी झालेली असते.

यात स्टीमच्या सर्व्हरवर कुणी हल्ला केलेला नाही, ब्राउझरमधली एखादी फट वापरलेली नाही की खेळाडूच्या संगणकात विषाणू सोडलेला नाही. ती खिडकी मुळात खिडकीच नसते. स्पर्धेच्या पानातच काढलेलं ते एक चित्र असतं. वेबपानाला आपल्या हद्दीत हवी ती आकृती काढायची मुभा असते: गोल कोपऱ्यांचा चौकोन, त्याची सावली, त्यावर तीन चिन्हं. ॲड्रेस बारसारखी दिसणारी ती पट्टीही साधा मजकूर असते आणि मजकुरात काय लिहायचं हे पान बनवणारा ठरवतो. तिचा गाभा इतकाच:

```html
<div class="address">https://steamcommunity.com/openid/login</div>
```

हा मजकूर ब्राउझरला कुठेही नेत नाही आणि कशाचीही साक्ष देत नाही. त्याखालचा लॉगिनचा अर्ज बहुधा आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात असतो आणि ते दुसरं पानही चोराच्याच सर्व्हरवरून येतं. ‘मिस्टर डॉक्स’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका सुरक्षा-अभ्यासकाने मार्च 2022 मध्ये या युक्तीचं सविस्तर वर्णन केलं आणि विंडोज व मॅक दोन्हींवरच्या क्रोमच्या खिडक्यांचे, उजळ आणि गडद अशा दोन्ही रंगसंगतींतले नमुने जाहीर केले. ‘ब्राउझर इन द ब्राउझर’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. काही दिवसांतच गूगलच्या धोका-विश्लेषण गटाने कळवलं की घोस्टरायटर या बेलारूसशी जोडल्या जाणाऱ्या टोळीने ही युक्ती उचलली आहे: आधीच ताबा मिळवलेल्या संकेतस्थळांवर ती युक्रेनमधल्या एका लोकप्रिय ईमेल सेवेची लॉगिन-खिडकी रेखाटत होती. सरकारांचं पाठबळ असलेल्या अनेक गटांकडून ही युक्ती त्याआधीही वापरली गेल्याचं आपण पाहिलं होतं, असंही गूगलने त्याच वेळी नमूद केलं. म्हणजे मार्च 2022 मध्ये युक्तीला नाव मिळालं, जन्म मात्र तेव्हाचा नव्हे.

मूळ शोधत गेलं तर आपण वेबच्या बालपणात पोहोचतो. 1996-97 च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड फेल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की ब्राउझरची पत्ता दाखवणारी पट्टीसुद्धा पानाला हुबेहूब नक्कल करून दाखवता येते. पुढे 2007 मध्ये कॉलिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस जणांवर एक प्रयोग केला. पानात काढलेली ब्राउझरची खोटी खिडकी लोकांना किती फसवते, हा त्यातला एक प्रश्न होता. उत्तर असं निघालं की अक्षरांचं साम्य साधून केलेल्या सर्वांत परिणामकारक नकलेइतकीच ही खिडकीही फसवते. प्रयोगातल्या काही जणांना ब्राउझरच्या सुरक्षेविषयीचं मदत-पान आधी वाचायला दिलं होतं. ब्राउझरचा इशारा झळकला नाही, तर हे वाचून आलेले लोक खऱ्या आणि खोट्या, दोन्ही प्रकारच्या संकेतस्थळांना खरं मानण्याकडे अधिक झुकले. सत्तावीस हा आकडा लहान आहे, त्यावरून टक्केवारी काढत बसू नये. पण कारण समजण्यासारखं आहे. कोणती खूण पाहायची हे माणसाला शिकवलं की ती खूण दिसल्यावर तो निश्चिंत होतो. चोराला मग तेवढी एक खूण रेखाटली की पुरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की लॉगिनच्या खिडकीबाबत ‘पत्ता पाहा, कुलूप पाहा’ हा सल्ला नुसता अपुरा नाही. तो आहे त्या रूपात चोराच्या पथ्यावर पडतो. खिडकी कशी दिसते हे पडताळून काही हाती लागत नाही, कारण दिसणं पूर्णपणे पान बनवणाऱ्याच्या ताब्यात असतं. पडताळायचं ते खिडकीला काय करता येतं. त्याहूनही मोलाचं म्हणजे तिला आपल्याविषयी काय ठाऊक आहे. या दोन्ही बाबतींत पानाला ब्राउझरने घातलेल्या मर्यादा ओलांडता येत नाहीत. पत्ता वाचायचाच, पण तो खऱ्या ॲड्रेस बारमधला. ती पट्टी खरी आहे की रंगवलेली, हे आधी ठरवावं लागतं.

पहिली मर्यादा जागेची. ब्राउझरच्या चौकटीत टॅबची ओळ आणि ॲड्रेस बार यांच्या खालचा सगळा भाग पानाचा असतो आणि त्याबाहेर पानाला एक ठिपकाही काढता येत नाही. खरी लॉगिन-खिडकी ही ऑपरेटिंग सिस्टिमने उघडलेली स्वतंत्र खिडकी असते. तिची शीर्षकपट्टी धरून वर ओढली तर ती मूळ ब्राउझरच्या टॅबवर, ॲड्रेस बारवर चढते. बाजूला ओढली तर कडेपलीकडे डेस्कटॉपवर जाते. खोटी खिडकी पानाच्या काठाशी अडते किंवा तिथे कापली जाते. रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर रंगवलेल्या खिडकीतून कुणाला हात बाहेर काढता येत नाही, तसंच हे. म्हणून ‘खिडकी सरकते का’ हा प्रश्न चुकीचा, ‘खिडकी पानाची कड ओलांडते का’ हा बरोबर. स्टीमच्या प्रकरणातली खिडकी छान सरकत होती आणि एवढ्यावर समाधान मानणारा फसला असता. ओढून पाहायच्या आधी ब्राउझर पडदाभर पसरलेला असेल तर तो लहान करून घ्यावा, म्हणजे कडेपलीकडे जायला जागा राहते. दुसरी वाट: मूळ ब्राउझर मिनिमाइझ करावा. खोटी खिडकी त्याच्यासोबत नाहीशी होते, खरी बहुधा जागेवर राहते. विंडोजवर टास्कबारमध्ये किंवा ऑल्ट-टॅब दाबून एकूण किती खिडक्या उघड्या आहेत तेही पाहता येतं.

याहून सोपी कसोटी झूमची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. मूळ पानावर क्लिक करून कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबावं, मॅकवर कमांड आणि अधिक. पानातली अक्षरं मोठी होतात. त्याबरोबर लॉगिन-खिडकीची शीर्षकपट्टी, तिच्यावरची चिन्हं आणि तिच्यातला पत्ताही मोठा झाला, तर ती खिडकी पानाचाच भाग आहे. खऱ्या खिडकीची पट्टी ब्राउझरची असते, तिच्यावर पानाच्या झूमचा परिणाम होत नाही. कुशल चोर हा बदल ओळखून आपलं चित्र उलट प्रमाणात लहान करून घेऊ शकतो. म्हणून झूममध्ये नापास झालेली खिडकी नक्की खोटी. पास झालेली खरीच असेल असं नाही. कड ओलांडण्याच्या कसोटीला अशी पळवाट नाही.

एक प्रचलित सल्ला मात्र सोडून द्यायला हवा. ‘खिडकीतल्या ॲड्रेस बारमध्ये टाइप करून पाहा, टाइप होत नसेल तर ती खोटी’ असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. क्रोममधल्या खऱ्या पॉप-अप खिडकीतला पत्ताही केवळ वाचण्यासाठी असतो, बदलता येत नाही. उलट, खोट्या पट्टीत टाइप करता येईल अशी चौकट बसवणं चोराला अवघड नाही. म्हणजे ही कसोटी खऱ्याला खोटं आणि खोट्याला खरं ठरवू शकते. कुलुपाचंही तेच. गूगलने सप्टेंबर 2023 च्या सुमारास क्रोमच्या ॲड्रेस बारमधून कुलूप काढून त्या जागी सेटिंग सुचवणारं वेगळं चिन्ह आणलं, कारण लोक कुलुपाचा अर्थ ‘हे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे’ असा लावत होते. आजच्या क्रोमवर कुलूप दाखवणारी खिडकी त्यामुळेच संशयास्पद म्हणता येईल. पण नमुना अद्ययावत करायला चोराला पाच मिनिटं पुरतात, म्हणून या खुणेवर विसंबू नये.

दुसरी मर्यादा ओळखीची आणि मला ती अधिक मोलाची वाटते. तुम्ही त्याच ब्राउझरमध्ये स्टीमवर आधीच लॉगिन केलेलं असेल, तर ‘स्टीमने लॉगिन करा’ या बटणामागचं खरं पान पासवर्ड मागत नाही. ते तुमचं खात्याचं नाव आणि चित्र दाखवतं आणि फक्त संमतीचं बटण पुढे ठेवतं. गूगलचं खरं पानही आधी तुमची खाती दाखवून त्यांतलं एक निवडायला सांगतं. हे शक्य होतं ते कुकीमुळे, म्हणजे त्या त्या सेवेने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या नोंदीमुळे आणि एका डोमेनची कुकी दुसऱ्या डोमेनच्या पानाला वाचता येत नाही. हा नियम ब्राउझर पाळतो. त्यात चोराच्या चित्रकलेला वाव नाही. स्पर्धेच्या खोट्या पानाला तुम्ही कोण हे माहीतच नसतं, म्हणून त्याला कोऱ्या चौकटी दाखवाव्या लागतात. तेव्हा लॉगिन असूनही पासवर्ड मागितला गेला, की तिथेच थांबावं. नवा टॅब उघडावा, सेवेचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि तिथे आपण लॉगिन आहोत का ते पाहावं. नसू, तर लॉगिन तिथेच करावं आणि मग मूळ पानाकडे परतून बटण पुन्हा दाबावं. खरी व्यवस्था असेल तर आता ती तुम्हाला ओळखेल. कधी सत्राची मुदत संपते, कधी सुरक्षेसाठी खरी सेवाही पासवर्ड पुन्हा विचारते. पण या वळशाने नुकसान काहीच होत नाही, अर्धं मिनिट जातं इतकंच.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: दर लॉगिनला कोण खिडक्या ओढत बसेल? घाईतला माणूस पहिल्या आठवड्यात करेल, नंतर विसरेल. म्हणूनच ही पडताळणी माणसाच्या डोळ्यांकडून काढून यंत्राकडे द्यावी, असं मी म्हणेन. पासवर्ड मॅनेजर पत्त्याचं चित्र पाहत नाही. पान खरोखर कोणत्या डोमेनवरून आलं हे तो ब्राउझरकडून घेतो. खिडकीत steamcommunity.com कितीही सुबक रेखाटलेलं असो, त्याच्या लेखी ते पान स्पर्धेच्या डोमेनचं असतं आणि तो साठवलेला पासवर्ड पुढे करत नाही. त्याचं हे गप्प राहणं हाच इशारा. खऱ्या संकेतस्थळांवरही कधीकधी तो भरायचं चुकतो, आणि वैतागून स्वतः पासवर्ड कॉपी करून चिकटवायची सवय लागलेली असेल तर हे संरक्षण संपतं. म्हणून नियम असा ठेवावा की पासवर्ड मॅनेजर गप्प बसला तर हाताने भरायचं नाही, वरचा वळसा घ्यायचा. पासकी याच्याही पुढे जाते. तिच्यातली गुप्त किल्ली तुमच्या उपकरणात किंवा तुमच्या पासकी सांभाळणाऱ्या सेवेत राहते आणि तिची स्वाक्षरी ब्राउझरने सांगितलेल्या डोमेनशी बांधलेली असते. चोराच्या पानाला ती मागताही येत नाही आणि चिकटवायला तुमच्या हातात अक्षरंही नसतात.

दुसरा आक्षेप: मोबाइलवर ओटीपी येतो, मग पासवर्ड गेला तरी काय बिघडलं? स्टीमच्या प्रकरणातच याचं उत्तर आहे. कोड त्याच खिडकीत मागितला गेला आणि त्याची मुदत संपायच्या आत खऱ्या सेवेवर वापरला गेला. तुमच्याकडे कोड कोण मागतंय हे कोडला कळत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून लॉगिन करण्याची सोयही अशीच वापरता येते: चोर खऱ्या सेवेचा कोड आणून आपल्या खिडकीत दाखवतो, तुम्ही तो फोनने स्कॅन करून मान्यता देता आणि लॉगिन चोराच्या संगणकावर होतं. ओटीपी ठेवावाच, नुसत्या चोरलेल्या जुन्या पासवर्डांपासून तो वाचवतो; पण या युक्तीपुढे तो अपुरा आहे.

तिसरा आक्षेप थोडा तांत्रिक: पानाने पूर्ण पडदाच व्यापला तर कड उरते कुठे? फुल-स्क्रीन रूपात पान संपूर्ण पडदा घेऊ शकतं आणि टास्कबारसकट सगळ्याचं चित्र काढू शकतं, हे खरं आहे. म्हणून ब्राउझर अशा वेळी वरच्या बाजूला सूचना झळकवतो, आणि एस्केप दाबलं की पान त्या रूपातून बाहेर पडतं. लॉगिनच्या क्षणी पडदा अचानक बदलल्यासारखा वाटला तर आधी एस्केप दाबावं. यालाच जोडून कुणी विचारेल, ब्राउझर बनवणारे अशी चित्रंच का रोखत नाहीत? कारण पानातल्या चौकोनाचा हेतू ब्राउझरला कळत नाही. सूचनांचे चौकोन, जाहिराती, फोटो मोठे करून दाखवणाऱ्या चौकटी हे सगळं त्याच साहित्यातून बनतं. माहीत असलेली फसवी पानं ब्राउझर अडवतो, पण ती माहीत व्हायला आधी कुणीतरी त्यांत सापडावं लागतं.

फोनवर मात्र माझ्या कसोट्या लुळ्या पडतात, हे मान्य करायला हवं. तिथे खिडकी ओढायची सोय नाही आणि खरं लॉगिन बहुधा नव्या टॅबमध्ये किंवा ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. पान वर सरकवलं की जागा वाचवण्यासाठी मोबाइल ब्राउझर आपला ॲड्रेस बार लपवतो. त्या रिकाम्या जागी पान खोटा बार दाखवू शकतं, हे जिम फिशर या प्रोग्रॅमरने 2019 मध्ये क्रोमवर करून दाखवलं होतं. फोनवर टॅबची यादी उघडून पाहणं उपयोगी ठरतं: लॉगिन जर खरोखर नव्या टॅबमध्ये उघडलं असेल तर तो तिथे वेगळा दिसतो. पण फोनवर खरा भरवसा पासकी आणि पासवर्ड मॅनेजर यांचाच.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. भारतात ऑनलाइन पैसे भरताना दुकानाच्या पानावरच एक चौकोन वर येतो, त्यात कार्ड किंवा यूपीआयचा तपशील भरायचा असतो आणि हा चौकोन खरा असतो. गूगलची एका स्पर्शात लॉगिन करू देणारी सूचनाही पानाच्या कोपऱ्यात येते. मग पानातला प्रत्येक चौकोन खोटा कसा म्हणायचा? तसं म्हणायचंच नाही. खरा चौकोन पानाचा भाग असल्याचं लपवत नाही. त्याला शीर्षकपट्टी नसते, खिडकी लहान-मोठी करायची चिन्हं नसतात आणि मुख्य म्हणजे स्वतःचा ॲड्रेस बार नसतो. कड न ओलांडणाऱ्या चौकोनात पत्ता रंगवलेला असेल, तर तो तुम्हाला फसवण्याकरताच रंगवलेला आहे. दुसरं प्रामाणिक कारण मला सापडत नाही. पत्ता नसलेल्या चौकोनात मात्र ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड कधीच भरू नये, कारण तो कुणाकडे चालला आहे हे कळायला तिथे मार्गच नाही.

पासवर्ड भरून झाल्यावर शंका आली तर क्रम महत्त्वाचा. संशयित पान बंद करावं आणि शक्यतो दुसऱ्या उपकरणावरून सेवेचा पत्ता स्वतः टाइप करून पासवर्ड बदलावा. लगेच ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय वापरावा, कारण चोराचं आधीच सुरू झालेलं सत्र नुसत्या पासवर्ड-बदलाने प्रत्येक सेवेवर तुटतंच असं नाही. मग खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन क्रमांक तेच आहेत ना ते पाहावं, आणि ईमेलच्या खात्यात आपण न केलेले फॉरवर्डिंगचे नियम आहेत का तेही. स्टीमवर आणखी एक जागा तपासायची असते: steamcommunity.com/dev/apikey. तिथे आपण न घेतलेली एपीआय की नोंदलेली आढळली तर ती रद्द करावी. तिच्या मदतीने चोर पासवर्ड बदलल्यानंतरही तुमच्या देवघेवीच्या प्रस्तावांवर नजर ठेवू शकतो. तोच पासवर्ड इतरत्र वापरला असेल तर तिथेही बदलावा. भारतात पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवण्याची शक्यता राहते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. तिच्यासोबत पानाचा पत्ता द्यायचा तो ब्राउझरच्या सर्वांत वरच्या, खऱ्या ॲड्रेस बारमधला. खोट्या खिडकीतला पत्ता खऱ्या सेवेचा असतो, तो दिला तर तपास भलत्याच दिशेला जाईल.